फुलबाजारापाशी सुटलेला हात

लग्नाला दोन वर्षं झालेलं एक जोडपं माझ्यासमोर बसलं होतं. भांडणाची गोष्ट बायकोने सुरू केली ती दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळपासून. दादर स्टेशनबाहेर फुलबाजाराची ती गर्दी. तिच्या एका हातात झेंडूची पिशवी होती, दुसरा हात तिने नवऱ्याच्या हातात घातला. त्याचा हात आधी लाकडासारखा झाला, मग खांदा जरासा वर गेला आणि मग घड्याळ बघायच्या निमित्ताने त्याने हात काढून घेतला. "आणि त्याच्या मनगटावर घड्याळच नव्हतं," ती म्हणाली.

नवरा खाली बघत होता. ती डोंबिवलीत वाढलेली, तो विट्याजवळच्या एका गावातला. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) हा प्रकार पहिल्यांदा घडला नव्हता. तिचा निष्कर्ष पक्का झाला होता: याला माझी लाज वाटते. त्याचं उत्तर एवढंच, की "तसं काही नाही." नवरा-बायकोच्या बोलण्यात "तसं काही नाही" या वाक्याइतकं निरुपयोगी वाक्य क्वचितच असेल.

समुपदेशनाच्या खोलीत ही तक्रार फार वेळा येते. कधी बायको करते, कधी नवरा, कधी अजून लग्न न ठरलेली मुलं. सगळ्यांना एका शब्दात उत्तर हवं असतं, की हा लाजाळूपणा आहे, संस्कार आहेत, की मी नकोसा झालोय? पण नुसत्या आखडलेल्या हातावरून हे कळत नाही. हात काढून घेण्याची हालचाल तिन्ही बाबतींत सारखीच दिसते. फरक असतो तो हात कुठे सुटला, किती वेळाने सुटला, आणि सुटल्यावर पुढच्या अर्ध्या मिनिटात काय झालं, यात.

मराठीत यासाठी वेगवेगळी क्रियापदं आहेत आणि माझ्या मते ती कुठल्याही चाचणीपेक्षा जास्त उपयोगी आहेत. लाजणं, संकोचणं, बिचकणं आणि अवघडणं. लाजणाऱ्या माणसाला स्पर्श आवडलेला असतो, त्याला नको असतात ती बघणारी माणसं. संकोचणाऱ्याला आपण कुठलासा नियम मोडतोय असं वाटतं, मग बघणारं कोणी नसलं तरी. बिचकणं हे शरीराचं काम, मनाला नंतर कळतं. आणि अवघडणं म्हणजे तो स्पर्शच, किंवा त्या वेळचा स्पर्श, नको असणं. आपण या चारांनाही सरसकट "लाजतो" म्हणतो आणि तिथेच घोटाळा होतो.

त्या दोघांना मी तीन आठवडे एक काम दिलं. हात सुटला की तिथल्या तिथे बोलायचं नाही, पुन्हा धरायचाही नाही. घरी आल्यावर दोघांनी आपापल्या वहीत लिहायचं, की जागा कोणती, आजूबाजूला कोण होतं, हात कसा धरला होता, किती वेळ टिकला, आणि सुटल्यानंतर काय. हात टिकला असेल तर तेही लिहायचं. तक्रारीच्या भरात माणसं हे शेवटचं हमखास विसरतात.

तीन आठवड्यांनी वह्या उघडल्या तेव्हा दोन वेगळे नमुने दिसले. दादर, ठाणे स्टेशन, एका लग्नाचा हॉल, इथे हात दोन-तीन सेकंदांत सुटला होता, काही वेळा तर बोटं लागायच्या आतच. लोणावळ्याला मात्र अर्धा तास टिकला. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसले होते तेव्हा त्याने स्वतःहून हात धरला आणि पाच-सात मिनिटांनी सोडला. त्याच आठवड्यात थिएटरच्या थंडगार अंधारात हात जवळजवळ पूर्ण सिनेमाभर टिकला होता, आणि हे ती मला सांगायला विसरली होती.

आधी पहिला नमुना घेऊ. दादरला आणि ठाण्याला त्याच्या गावचे लोक असतात. मुंबईत कामाला आलेली त्याची मावसभावंडं, तालमीतले मित्र, मामाच्या दुकानात येणारी गिऱ्हाइकं. त्या संध्याकाळी खरंच कोणी ओळखीचं होतं का? नव्हतं. पण असू शकलं असतं, आणि हात आखडायला एवढं पुरतं. लोणावळ्याला ती शक्यता नव्हती. ज्याला बायकोची लाज वाटते तो लोणावळ्यालाही अंतर ठेवून चालतो. फक्त ओळखीच्या टापूत जो हात सोडतो, त्याच्या मनात बायको नसते, गाव असतं.

आता हे गाव नेमकं काय शिकवतं, ते बघण्यासारखं आहे. त्याने आई-वडिलांना एकमेकांचा हात धरलेलं कधीच पाहिलं नव्हतं. बाजाराला जाताना वडील चार पावलं पुढे, आई मागे. पण स्पर्शाचं वावडं म्हणाल तर तेही नाही. त्याच गावात दोन मित्र एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, कधी करंगळीत करंगळी अडकवून वेशीपर्यंत जातात आणि कोणी वळूनही बघत नाही. शाळेतून परतणाऱ्या मुली हात झुलवत येतात. आजी नातवाला कुशीत घेऊन ओट्यावर बसते. म्हणजे चारचौघांत स्पर्श चालतो, फक्त ज्या दोघांच्या स्पर्शाला दुसरा अर्थ चिकटू शकतो त्यांनी तो करायचा नाही. हा नियम कोणी तोंडाने सांगत नाही. न दिसणाऱ्या गोष्टीवरून मूल तो शिकतं, म्हणून मोठेपणी त्याला विचारलं तर कारण सांगता येत नाही.

भाषाही हेच सांगते. लग्नाच्या विधीचं एक नावच पाणिग्रहण, म्हणजे हात हातात घेणं, आणि तेही अक्षता हातात घेऊन बसलेल्या सगळ्या गणगोतासमोर. पण त्या एका दिवसानंतर "हात धरला" हे शब्द गावात कुठे ऐकू येतात? "तिने त्याचा हात धरून पळ काढला," किंवा पोलिसांत तक्रार गेली, "त्याने तिचा हात धरला." पहिलं पळून जाणं, दुसरा विनयभंग. ज्या बोलीत हात धरण्याला हे दोनच अर्थ जास्त करून चिकटलेले असतात, तिच्यात वाढलेल्या माणसाचा हात स्टेशनबाहेर लाकडासारखा झाला तर त्यात नवल नाही.

ही काही आपलीच खासियत नाही. सिडनी जुरार्ड नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात वेगवेगळ्या शहरांतल्या कॅफेंमध्ये बसून, गप्पा मारणाऱ्या जोड्या तासाभरात एकमेकांना किती वेळा स्पर्श करतात ते मोजलं. पोर्तो रिकोतल्या सान हुआनमध्ये १८०, पॅरिसमध्ये ११०, अमेरिकेतल्या फ्लॉरिडातल्या एका गावात २ आणि लंडनमध्ये शून्य. पाहणी लहान होती, आकडे फार ताणू नयेत. पण लंडनच्या त्या टेबलांवर प्रेम शून्य होतं असं कोणी म्हणणार नाही.

आणि भीती सगळी मनातलीच असते असंही नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ११० सार्वजनिक जागी असभ्य वागण्याबद्दल आहे, आणि असभ्य म्हणजे काय, हे त्या क्षणी समोरच्या हवालदारावर सोडलेलं असतं. ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबईत मढ-अक्सा भागातल्या हॉटेलांवर छापे घालून पोलिसांनी चाळीसेक जोडपी ठाण्यात नेली होती. ती सज्ञान होती, खोल्यांची दारं बंद होती, तरी अनेकांना याच कलमाखाली १२०० रुपये दंड झाला. पुढे त्यावर टीका झाली, चौकशीचे आदेशही निघाले. नुसता हात धरणं कुठल्याच कायद्याने गुन्हा नाही. तरी २०२१ मध्ये बोरिवलीतल्या एका सोसायटीने समोरच्या रस्त्यावर "इथे चुंबन घेऊ नये" अशा अर्थाची इंग्रजी पाटीच रंगवली होती. ज्या जोडप्याची जात वेगळी, धर्म वेगळा, किंवा दोघंही पुरुष वा दोघीही बायका, त्यांच्या बाबतीत तर ओळखीच्याने बघणं म्हणजे घरी फोन जाणं. अशा माणसाने हात सोडला तर त्याला लाजाळू म्हणणं हा अन्याय आहे. तो हिशेब करत असतो.

माझ्यासमोरच्या बायकोला हे सगळं पटत होतं, पण मनातून उतरत नव्हतं. मग मी तिला एकच विचारलं, "घरी तू त्याला काय हाक मारतेस?" म्हणाली, "अरे-तुरे करते, नावाने." "आणि गावी, सासूबाईंसमोर?" ती थांबली आणि हसली. गावी ती "अहो" म्हणते. कोणी सांगितलं नव्हतं, पहिल्याच दिवाळीला आपोआप तोंडातून आलं. तेव्हा नवऱ्याबद्दलचं प्रेम कमी झालं होतं का? तिचं "अहो" आणि त्याचा दादरचा हात यांत फारसा फरक नव्हता. फक्त तिचं तिला खुपलं नव्हतं.

आता दुसरा नमुना, मरीन ड्राइव्हचा. तिथे त्याने स्वतः हात धरला आणि पाच-सात मिनिटांनी सोडला. ओळखीचं कोणी येण्याची भीती असती तर धरलाच नसता. त्याच्या वहीत या दिवसापुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. खूप वेळ गप्प राहून तो म्हणाला, "घाम येतो." शाळेत परीक्षेला उत्तरपत्रिकेखाली रुमाल ठेवावा लागायचा, शाई फुटायची. पोरं टाळी द्यायला तयार नसत. मोठ्या भावालाही तसंच. दोन वर्षांत त्याने हे बायकोला सांगितलं नव्हतं, आणि तिला वाटत होतं की तो सारखा पॅन्टला हात पुसतो ही सवय आहे.

तळहाताला अति घाम येणं हा एक साधा, ओळखता येणारा त्रास आहे आणि हात सुटण्याच्या कारणांत त्याचं नाव कोणी घेत नाही. तळहाताच्या घामग्रंथी उकाड्यापेक्षा मनाच्या ताणाला जास्त जागतात. म्हणून हात धरला, की घाम येईल अशी धास्ती, धास्तीने घाम, घामाने आणखी धास्ती. हा त्रास बहुधा लहानपणी किंवा वयात येताना सुरू होतो, दोन्ही हातांना सारखा असतो, पुष्कळदा तळपायांनाही, घरात आणखी कोणाला असतो, आणि झोपेत थांबतो. या खुणा जुळल्या तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं. रात्री लावायचं ॲल्युमिनियम क्लोराइडचं औषध हा बहुधा पहिला उपाय. त्याने भागलं नाही तर पाण्याच्या ट्रेमध्ये हात ठेवून सौम्य वीजप्रवाह देतात, आठवड्यातून काही वेळा, आणि फायदा टिकवायला ते अधूनमधून चालू ठेवावं लागतं. घाम झोपेतही येत असेल, एकाच हाताला येत असेल किंवा मोठेपणी अचानक सुरू झाला असेल, तर मात्र कारण वेगळं असू शकतं आणि आधी ते तपासायला हवं.

थिएटरचं कोडंही इथेच सुटलं. अंधारात कोणी बघत नव्हतं, हवा थंड होती, आणि मधल्या आर्मरेस्टवर तिची बोटं त्याच्या तळहातात नव्हती, मनगटावर होती.

या जोडप्यात स्त्रीचा हात सुटला असता तर मी आणखी एक गोष्ट आधी तपासली असती. गर्दीत वावरणाऱ्या बाईचं शरीर सदैव पहाऱ्यावर असतं. पर्स छातीशी धरलेली, कोपर बाहेर काढलेलं, पाठ भिंतीकडे. अशा वेळी मागून कमरेला हात लागला तर तो नवऱ्याचा आहे हे कळायच्या आत, सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, मान आणि खांदे ताठ झालेले असतात. हे बिचकणं. त्याची खूण अशी, की वळून चेहरा पाहिला की एक-दोन श्वासांत अंग सैल होतं, आणि समोरून, दिसेल असा हात पुढे केला तर असं होतच नाही. ज्यांनी पूर्वी काही सोसलंय त्यांना सैल व्हायला जास्त वेळ लागतो, कधी होताही येत नाही. तिथे नवऱ्याने मागून हात टाकायची सवय सोडावी, एवढा साधा उपाय आधी करून बघावा.

काहींना हलका स्पर्शच सोसत नाही. बोटांनी हळूच कुरवाळलं की अंगावर काटा येतो, पण हात घट्ट धरला तर चालतं. स्वेटरची लेबलं कापणारी, केस विंचरून घेताना लहानपणी रडणारी माणसं यांत सापडतात. त्यांचं आखडणं घरी, दारी, आईशी, मित्राशी, सगळीकडे सारखं असतं. "फक्त माझ्याशीच" ही तक्रार तिथे टिकत नाही.

मग अवघडणं कसं ओळखायचं, ज्याची सगळ्यांना भीती असते? त्यात मला हातापेक्षा हाताभोवतीच्या गोष्टी जास्त बोलक्या वाटतात. पूर्वी हात धरणारा माणूस अलीकडे धरेनासा झाला आहे. चार भिंतींतही तो सरकून बसतो. हात सोडल्यावर तो जवळ राहत नाही, दोन पावलं पुढे जातो. संकोचणारा माणूस हात सोडतो आणि लगेच काहीतरी परत देतो, पिशवी घेतो, रस्ता ओलांडताना कोपराला हात लावतो, पाणी हवंय का विचारतो. अवघडलेला माणूस काही देत नाही. ओळख करून देताना "ही माझी मैत्रीण" म्हणून पुढच्या विषयाकडे वळतो, फोटोत कडेला उभा राहतो. एकेका खुणेला अर्थ नाही. पण दोन-तीन महिने त्या एकत्र दिसत असतील तर प्रश्न रस्त्यावरचा राहिलेला नसतो.

आणि इथे हात धरणाऱ्यालाही एक प्रश्न विचारायला हवा, जो सहसा कोणी विचारत नाही. आपण हात कशासाठी धरला? मित्र समोर आले की बायकोच्या मानेवर पंजा ठेवणारे नवरे मी पाहिलेत. तो हात बायकोसाठी नसतो, मित्रांसाठी असतो. सकाळी कडाक्याचं भांडण झालेलं, कोणी माफी मागितलेली नाही, आणि संध्याकाळी नातेवाइकांसमोर हातात हात. ती आखडली तर त्यात लाजही नाही आणि संस्कारही नाहीत. तिला नाटकात काम करायचं नसतं.

हात धरण्याने काही होतं का, हेही विचारतात. २००६ मध्ये जेम्स कोअन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १६ विवाहित बायकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये ठेवून, पायाला विजेचा सौम्य झटका बसू शकतो असं सांगितलं. एका वेळी नवऱ्याचा हात हातात, एका वेळी अनोळखी माणसाचा, एका वेळी कोणाचाच नाही. नवऱ्याचा हात असताना मेंदूतली धोक्याची खळबळ सर्वांत कमी होती, आणि ज्यांचं लग्न जास्त समाधानाचं त्यांच्यात ती आणखी कमी. माणसं यातला पहिला भाग सांगतात आणि दुसरा विसरतात. हाताला गुण येतो तो नात्याने. ओढून धरलेल्या हाताने काही शांत होत नाही.

विचारायचं असेल तर वेळ आणि शब्द दोन्ही निवडावे लागतात. रस्त्यात, हात सुटल्यासुटल्या, "काय झालं? लाज वाटते माझी?" असं विचारलं की समोरच्याकडे "तसं काही नाही" याखेरीज उत्तर उरत नाही. दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना "काल फुलबाजारात काय झालं रे? कोणी दिसलं का?" असं जागेबद्दल विचारलं तर जागेबद्दल उत्तर मिळतं, आणि तिथून पुढे जाता येतं. दर वेळी कारण त्या माणसालाही ठाऊक असतंच असं नाही. आणि कारण सापडलं म्हणून हात धरायचा हक्क मिळतो असंही नाही. काहींना रस्त्यात हात धरणं आवडत नाही आणि आयुष्यभर आवडणार नाही, त्याला उपचार लागत नाहीत.

त्या दोघांनी काही ठरवलं ते त्यांचं त्यांनीच. मुंबईत ती त्याचा तळहात धरत नाही, कोपराच्या आत हात घालते. घामाचं औषध त्याने आणलं, पहिल्या आठवड्यात त्वचा चुरचुरली, मग डॉक्टरांना विचारून एक दिवसाआड लावायला लागला. दादरला अजून जमत नाही. तिथे तो आधीच सांगतो, "स्टेशन येतंय हं," आणि ती हात काढून घेते. आता हात ती काढते, तो नाही, या फरकाचं तिला हसू येतं.

दिवाळीला दोघं गावी गेले. एस. टी. स्टँडपासून घर वीस मिनिटांवर, रिक्षा मिळाली नाही. फराळाची जड पिशवी होती, दोन बंदांची. एक बंद त्याने धरला, एक तिने. वाटेत पाराजवळ त्याचे चुलते बसले होते, त्यांनी विचारपूस केली, दोघं थांबली, बोलली. पिशवी खाली कोणी ठेवली नाही.